एका आकड्यात न मावणारी व्होलॅटिलिटी

ऑप्शनची किंमत काढायच्या सूत्रात पाच गोष्टी घालाव्या लागतात: निर्देशांकाचा किंवा शेअरचा आजचा भाव, करारात ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, मुदत संपायला उरलेला काळ, व्याजदर आणि व्होलॅटिलिटी. पहिल्या चार कुणालाही पडद्यावर वाचता येतात. पाचवी कुठेच लिहिलेली नसते. व्होलॅटिलिटी म्हणजे भावातल्या चढउतारांचे वार्षिक टक्केवारीतले माप. ते मागच्या काळासाठी मोजता येते, पण ऑप्शनला लागते ते पुढच्या काळाचे, आणि पुढच्या काळाचा फक्त अंदाज करता येतो.

हे सूत्र फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रॉबर्ट मर्टन यांनी त्याची मांडणी अधिक व्यापक केली. सूत्रामागची मुख्य कल्पना अशी, की ऑप्शन विकणाऱ्याने मूळ शेअरची किंवा निर्देशांकाची योग्य तेवढी खरेदी-विक्री सतत करत राहिली, तर त्याची जोखीम पुसली जाते. या खटाटोपाला येणारा खर्च हीच ऑप्शनची वाजवी किंमत. हा हिशेब जुळतो तो एका गृहीतकावर: मुदत संपेपर्यंत व्होलॅटिलिटी बदलणार नाही. निर्देशांक २० हजारांवर असो की १५ हजारांवर, आज असो की तीन महिन्यांनी, तिचा आकडा एकच राहील.

व्यवहारात सूत्र उलटे चालवले जाते. ऑप्शनचा भाव बाजारात ठरलेलाच असतो. तो सूत्रात घालून, कोणती व्होलॅटिलिटी धरली असता हा भाव येतो, ते शोधतात. या आकड्याला इम्प्लाइड व्होलॅटिलिटी म्हणतात. व्यापाऱ्यांच्या बोलण्यात नुसते ‘आयव्ही’. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर निफ्टीचे ऑप्शन जून २००१ पासून आहेत, आणि त्यांच्या ऑप्शन चेनच्या तक्त्यात प्रत्येक स्ट्राइकसमोर आयव्हीचा रकाना असतो. ब्लॅक आणि शोल्स यांचे गृहीतक खरे असते, तर एका मुदतीच्या त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा दिसला असता, कारण निर्देशांक एक आहे आणि त्याचे चढउतारही एकच आहेत. प्रत्यक्षात आकडे बदलत जातात. चालू भावापेक्षा बऱ्याच खालच्या स्ट्राइकची आयव्ही जास्त असते, चालू भावाजवळ ती कमी होते, आणि फार वर गेल्यावर काही वेळा पुन्हा किंचित चढते. आलेखावर काढलेल्या या वक्राला ‘स्माइल’ असे नाव पडले. चलनाच्या ऑप्शनमध्ये तो खरोखरच दोन्ही बाजूंना वर वळलेला असतो. शेअर निर्देशांकात एका बाजूला कलतो, म्हणून तिथे ‘स्क्यू’ हा शब्दही चालतो.

हा कल निर्देशांकाच्या बाजारात पहिल्यापासून नव्हता. अमेरिकेतल्या निर्देशांक ऑप्शनची आयव्ही १९८७ पर्यंत बरीचशी सपाट असे. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी एस अँड पी ५०० निर्देशांक एका दिवसात सुमारे २० टक्के कोसळला, आणि त्यानंतर खालच्या स्ट्राइकचे पुट जे महागले ते पुन्हा कधी पूर्वीसारखे स्वस्त झाले नाहीत. भारतातला असा दिवस २३ मार्च २०२०. त्या दिवशी निफ्टी सुमारे १३ टक्क्यांनी पडला. वार्षिक व्होलॅटिलिटी १५ टक्के धरली तर एका दिवसाचे सामान्य विचलन एक टक्क्याहून थोडे कमी येते. ब्लॅक-शोल्सच्या जगात त्याच्या १३-१४ पट घसरण विश्वाच्या आयुष्यातही होऊ नये. ती झाली, कारण तोवर व्होलॅटिलिटी १५ टक्क्यांवर राहिलीच नव्हती. बाजार पडू लागला की चढउतार वाढतात, आणि वाढलेले चढउतार पुढच्या घसरणीला वाव देतात. खालच्या स्ट्राइकचा पुट विकणारा याच शक्यतेचे पैसे मागतो.

एका आकड्याची चूक किती मोठी असते, हे एका हिशेबावरून कळते. समजा निर्देशांक २०,००० वर आहे, मुदत तीन महिन्यांची आहे आणि व्याज शून्य आहे. २०,००० च्या स्ट्राइकची आयव्ही १५ टक्के, १८,००० ची २० टक्के आणि २२,००० ची १२ टक्के. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण निर्देशांकाच्या स्माइलचा आकार साधारण असाच असतो. सगळीकडे १५ टक्के लावले, तर १८,००० च्या पुटची किंमत सुमारे ५२ रुपये येते. बाजारातली किंमत, म्हणजे २० टक्क्यांनी येणारी, सुमारे १४२ रुपये आहे. उलट बाजूला २२,००० चा कॉल १५ टक्क्यांनी ७६ रुपयांचा दिसतो आणि बाजारात तो ३० रुपयांना मिळतो. सपाट आकड्यावर विसंबणारा माणूस पुट एकतृतीयांश किमतीला विकून बसेल आणि कॉल अडीचपट किमतीला विकत घेईल. आकडा बदलूनही सुटका नाही. २० टक्के धरले की १८,००० चा पुट जुळतो, पण २०,००० चा पुट ५९८ रुपयांऐवजी ७९८ रुपयांचा होतो.

यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक स्ट्राइकला तिची स्वतःची आयव्ही वापरणे. साध्या कॉल-पुटपुरता तो चालतो, कारण आयव्ही त्या किमतीतूनच काढलेली असते. करार थोडा वेगळा झाला की तोही चुकतो. तीन महिन्यांनी निर्देशांक १८,००० च्या खाली असेल तर ठोक १०० रुपये, नाहीतर काहीच नाही, असा करार घ्या. अशा कराराला डिजिटल ऑप्शन म्हणतात. सपाट १५ टक्क्यांनी त्याची किंमत ८.६ रुपये येते. १८,००० च्या स्ट्राइकची आयव्ही २० टक्के आहे म्हणून सूत्रात २० टक्के घातले, तर १५.८ रुपये. दोन्ही उत्तरे चूक आहेत, आणि ते कोणत्याही मॉडेलशिवाय दाखवता येते. १८,१०० चा पुट विकत घ्यायचा आणि १७,९०० चा विकायचा. निर्देशांक १७,९०० च्या खाली गेला तर या जोडीतून नेमके २०० रुपये मिळतात, १८,१०० च्या वर राहिला तर शून्य. म्हणजे ही जोडी जवळजवळ दोन डिजिटल ऑप्शनांइतकीच झाली. स्माइलच्या उतारानुसार १८,१०० ची आयव्ही १९.७५ आणि १७,९०० ची २०.२५ टक्के धरली, तर पुटांच्या किमती १५३.२ आणि १३२.५ रुपये येतात. फरक २०.७, त्याचा अर्धा भाग सुमारे १०.४ रुपये. डिजिटलची खरी किंमत ही. १५.८ या उत्तराची गफलत एवढीच, की त्याने १८,००० या जागेची उंची पाहिली, पण तिथला उतार पाहिला नाही. स्ट्राइक खाली जाताना आयव्ही चढते, त्यामुळे १७,९०० चा पुट अपेक्षेपेक्षा महाग असतो आणि दोन पुटांमधला फरक कमी होतो.

किंमत ठरवण्यात सगळी स्माइल भाग घेते, हे इथे उघड होते. डग्लस ब्रीडन आणि रॉबर्ट लिट्झनबर्गर यांनी १९७८ मध्येच दाखवले होते, की एका मुदतीच्या सगळ्या स्ट्राइकचे भाव माहीत असतील, तर त्या मुदतीच्या दिवशी निर्देशांक कुठे असेल याची बाजाराने धरलेली पूर्ण संभाव्यता-वाटणी त्यांतून वाचता येते. एवढे मिळाल्यावर शेवटच्या दिवसाच्या भावावरच अवलंबून असलेला कोणताही करार मोजता येतो. तिथवर कसे पोचायचे, हे मात्र ही वाटणी सांगत नाही. मधल्या वाटेवर अवलंबून असलेल्या करारांसाठी व्होलॅटिलिटी कशी वागते याबद्दल काहीतरी ठरवावेच लागते, आणि तिथे दोन मते पडतात.

जागेनुसार बदलणारी व्होलॅटिलिटी

पहिले मत असे, की व्होलॅटिलिटी बदलते, पण आपल्या मनाने नाही. निर्देशांक कोणत्या पातळीवर आहे आणि तारीख कोणती आहे, या दोनच गोष्टी तिला ठरवतात. २०,००० वर असताना ती अमुक, १८,००० वर गेल्यास तमुक, असा एक तक्ता आजच तयार करता येतो. या तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याला लोकल व्होलॅटिलिटी म्हणतात. ब्रूनो दुपीर यांनी आणि स्वतंत्रपणे इमॅन्युएल डरमन व इराज कानी यांनी १९९४ मध्ये हे मॉडेल मांडले. डरमन आणि कानी तेव्हा गोल्डमन सॅक्समध्ये होते.

दुपीर यांचे म्हणणे केवळ असे मॉडेल असू शकते एवढेच नव्हते. बाजारात सगळ्या स्ट्राइकचे आणि सगळ्या मुदतींचे भाव उपलब्ध असतील, तर तो तक्ता एकच निघतो आणि तो थेट भावांमधून काढता येतो, हे त्यांनी दाखवले. त्यांचे सूत्र शब्दांत सांगता येते. एखाद्या स्ट्राइकवर मुदत थोडी वाढवली असता कॉल किती महागतो, हा अंश. निर्देशांक त्या स्ट्राइकच्या आसपास येण्याची बाजाराने धरलेली शक्यता, हा छेद. शक्यतेला स्ट्राइकच्या वर्गाच्या निम्म्याने गुणून भागाकार केला, की त्या जागी त्या वेळची लोकल व्होलॅटिलिटी वर्गाच्या रूपात मिळते. तर्क समजण्यासारखा आहे. वाढीव मुदतीचे मोल भाव त्या स्ट्राइकजवळ असतानाच्या हालचालींमुळे येते, म्हणून ते मोल तिथे असण्याच्या शक्यतेने भागले की तिथली हालचाल उरते.

आयव्ही आणि लोकल व्होलॅटिलिटी यांचे नाते मुंबई-पुणे प्रवासावरून लक्षात येते. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग म्हणजे आयव्ही. घाटातला, सपाटीवरचा, टोलनाक्याजवळचा त्या त्या टप्प्यावरचा वेग म्हणजे लोकल व्होलॅटिलिटी. वरच्या उदाहरणात २०,००० ची आयव्ही १५ आणि १८,००० ची २० टक्के होती. १८,००० चा पुट कामाला यायचा असेल, तर निर्देशांकाला २०,००० पासून १८,००० पर्यंतचा सगळा पल्ला ओलांडावा लागतो. त्या पल्ल्याची सरासरी २० यायची आणि सुरुवातीला १५ असायचे, तर शेवटी साधारण २५ हवेत. म्हणूनच लोकल व्होलॅटिलिटीचा उतार आयव्हीच्या उताराच्या जवळपास दुप्पट असतो. हा ठोकताळा डरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला, आणि कमी मुदतीत चालू भावाच्या आसपास तो चांगला लागू पडतो.

लोकल व्होलॅटिलिटीचे मोठे बळ असे, की ती स्माइलशी तंतोतंत जुळते. तिच्यात नशिबाचा नवा स्रोतही येत नाही. हलतो तो फक्त निर्देशांक. त्यामुळे निर्देशांकाच्या खरेदी-विक्रीने जोखीम पुसण्याची ब्लॅक-शोल्सची मूळ कल्पना शाबूत राहते. अडचण पहिल्यांदा जाणवते ती तक्ता काढताना. बाजारात भाव असतात मोजक्याच स्ट्राइकचे आणि मोजक्याच मुदतींचे. मधल्या जागा गणिताने भराव्या लागतात. सूत्राच्या छेदात जी शक्यता आहे, ती शेजारच्या तीन स्ट्राइकच्या भावांमधल्या बारीक फरकातून येते. एखादा भाव जुना असला किंवा दोन रुपयांनी चुकला, तर छेद शून्याजवळ जातो किंवा ऋण होतो, आणि तक्त्यात एकाच ठिकाणी ८० टक्के आणि लगेच शेजारी ५ टक्के असे आकडे उमटतात. असा खडबडीत तक्ता दिसला, की दोष बाजारात नसून भरलेल्या जागांमध्ये आहे असे समजावे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. या तक्त्यात उद्याची स्माइल आजच लिहिलेली असते. उदाहरणातला निर्देशांक झटकन १९,००० वर आला तर काय होईल? लोकल व्होलॅटिलिटी दर हजार अंकांमागे पाचने चढते, म्हणून १९,००० वर ती २० टक्के आहे. तेव्हा नव्या चालू भावाची आयव्ही २० टक्के होईल, असे मॉडेल सांगते. जुन्या स्माइलवर १९,००० ची आयव्ही १७.५ होती. म्हणजे मॉडेलच्या मते पाच टक्क्यांच्या घसरणीत सगळी स्माइलच अडीच अंकांनी वर उचलली जाते. शेअर बाजारात घसरणीबरोबर व्होलॅटिलिटी चढते खरी, पण सहसा इतकी नाही.

चलन बाजारात ही विसंगती ठसठशीत दिसते. समजा एक डॉलर ८५ रुपयांना आहे आणि स्माइल दोन्ही बाजूंना सारखी चढते. तिचा तळ ८५ वर आहे. डॉलर ८४ झाला. व्यापाऱ्यांचा अनुभव असा, की तळही साधारण भावाबरोबर खाली सरकतो. लोकल व्होलॅटिलिटीनुसार मात्र कोणत्याही स्ट्राइकची आयव्ही चालू भाव आणि ती स्ट्राइक यांच्या मधल्या टप्प्याची सरासरी असते. मधला टप्पा जुन्या तळाभोवती यावा म्हणून स्ट्राइक ८६ लागते, आणि तळ ८६ वर जातो, म्हणजे भावाच्या उलट दिशेला. पॅट्रिक हेगन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नेमका हाच आक्षेप मांडला आणि व्याजदरांच्या बाजारासाठी ‘साबर’ हे स्टोकॅस्टिक व्होलॅटिलिटीचे मॉडेल सुचवले. व्याजदर ऑप्शनांच्या बाजारात ते सर्वत्र रुळले.

स्वतःच्या चालीने चालणारी व्होलॅटिलिटी

दुसऱ्या मतानुसार व्होलॅटिलिटी ही निर्देशांकाची सावली नाही. तिला स्वतःचे नशीब आहे. निर्देशांक २०,००० वरच राहिला तरी ती १२ वरून १८ वर जाऊ शकते. एखादी निवडणूक, युद्ध किंवा रिझर्व्ह बँकेची बैठक जवळ आली, की भाव हलण्याआधीच ऑप्शन महाग होतात, हे कोणीही ऑप्शन चेनवर पाहू शकतो. लोकल व्होलॅटिलिटीच्या तक्त्यात अशा बदलाला जागाच नाही.

अशा अनिश्चिततेतून स्माइल कशी निघते, हे अगदी लहान उदाहरणात दिसते. समजा पुढचे तीन महिने व्होलॅटिलिटी १० टक्के असेल किंवा २० टक्के, दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. सरासरी १५. चालू भावाच्या स्ट्राइकचा पुट १० टक्क्यांनी ३९९ रुपये आणि २० टक्क्यांनी ७९८ रुपये. सरासरी सुमारे ५९८. सपाट १५ टक्क्यांनीही हीच किंमत येते, म्हणजे इथे अनिश्चिततेचा काही परिणाम नाही. आता १८,००० चा पुट. १० टक्क्यांनी तो केवळ ६ रुपयांचा आहे, २० टक्क्यांनी १४२ चा. सरासरी ७४ रुपये, पण सपाट १५ टक्क्यांनी ५२ च. दूरच्या स्ट्राइकला व्होलॅटिलिटी घटल्याचे नुकसान थोडे आणि वाढल्याचा फायदा मोठा असतो. म्हणून नुसती अनिश्चितता आली, की दोन्ही टोकांचे ऑप्शन महागतात आणि सपाट रेषेचे टोक वर वळते. निर्देशांकासारखा एका बाजूचा कल हवा असेल तर आणखी एक गोष्ट लागते: भाव पडतो तेव्हाच व्होलॅटिलिटी चढते, असा दोघांतला संबंध.

स्टीव्हन हेस्टन यांचे १९९३ चे मॉडेल या दोन्ही गोष्टी नेमकेपणाने मांडते. त्यात व्होलॅटिलिटीचा वर्ग स्वतंत्रपणे हलतो, पण फार दूर गेला की एका दीर्घकालीन पातळीकडे परत ओढला जातो. मॉडेलला पाच आकडे लागतात: आजची पातळी, दीर्घकालीन पातळी, परत ओढण्याचा जोर, व्होलॅटिलिटीची स्वतःची चंचलता आणि तिचा निर्देशांकाशी असलेला सहसंबंध. चंचलता वाढवली की स्माइलची टोके वर वळतात. सहसंबंध ऋण केला की ती डावीकडे उंच होते. किमती काढायला हेस्टन यांनी बंद स्वरूपाचे सूत्रही दिले, त्यामुळे बाजारभावांशी मॉडेल जुळवण्याचे काम संगणक चटकन करू शकतो.

पाच आकड्यांत सगळी स्माइल मात्र बसत नाही. आठवड्याभरात संपणाऱ्या ऑप्शनांची स्माइल फार उभी असते. इतक्या थोड्या काळात व्होलॅटिलिटीला हळूहळू चढून तो उतार निर्माण करायला वेळच मिळत नाही, म्हणून हेस्टन मॉडेल तिथे सपाट पडते. चंचलता अवाच्या सवा वाढवून ते जुळवले, तर लांब मुदतीच्या किमती बिघडतात. जुळवलेली चंचलता पाहून हे ओळखता येते: ती दर आठवड्याला मोठ्या प्रमाणात बदलू लागली, किंवा व्होलॅटिलिटी वारंवार शून्याला टेकेल इतकी वाढली, तर मॉडेलवर त्याच्या ताकदीबाहेरचे ओझे टाकले आहे. डेव्हिड बेट्स यांनी १९९६ मध्ये भावात अचानक उड्या घालून ही उणीव बरीच भरून काढली.

एकच स्माइल, दोन वेगळी उत्तरे

दोन मतांमधला निवाडा बाजारभावांवरून होईल असे वाटते, पण तो होत नाही. इश्तवान ग्योन्गी या हंगेरियन गणितज्ञाच्या १९८६ च्या एका प्रमेयातून निष्पन्न होते, की स्टोकॅस्टिक व्होलॅटिलिटीच्या कोणत्याही मॉडेलला लोकल व्होलॅटिलिटीचे एक जुळे असते आणि ते साध्या कॉल-पुटांच्या अगदी त्याच किमती देते. हे जुळे शोधायची रीत अशी: त्या तारखेला निर्देशांक त्या पातळीवर असेल अशा सगळ्या शक्यता घ्यायच्या, आणि त्या शक्यतांमधल्या व्होलॅटिलिटीच्या वर्गाची सरासरी काढायची. म्हणजे लोकल व्होलॅटिलिटी हा व्होलॅटिलिटीच्या वागण्याबद्दलचा दावा न मानता सरासरीचा तक्ता मानला, तर ती स्टोकॅस्टिक व्होलॅटिलिटीच्या विरोधात जात नाही. या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धागा हाच आहे. आजची स्माइल, कितीही बारकाईने पाहिली तरी, व्होलॅटिलिटी उद्या कशी हलेल ते ठरवून देत नाही. वर काढलेल्या डिजिटलची किंमत दोन्ही जुळ्यांकडून १०.४ रुपयेच येईल.

फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे जोखीम पुसताना. उदाहरणातले १८,००० चे शंभर पुट विकणाऱ्याने, घसरणीपासून बचाव म्हणून, निर्देशांकाचे किती फ्युचर्स विकून ठेवावेत? स्माइल जागची हलणार नाही असे धरून ब्लॅक-शोल्सचे उत्तर साधारण साडेतेरा येते. लोकल व्होलॅटिलिटी म्हणते, घसरणीत या पुटाची आयव्हीही चढेल, तेव्हा एकोणीस विका. हेस्टन मॉडेलमध्ये व्होलॅटिलिटीची पातळी स्थिर ठेवून फक्त निर्देशांक हलवला, तर स्माइल भावाबरोबर सरकते आणि उत्तर नऊच्या खाली येते. तिन्ही आकडे एकाच बाजारभावांतून निघालेले आहेत. मात्र हेस्टनचा तिसरा आकडा तसाच वापरणे ही नेहमी होणारी चूक आहे. त्याच मॉडेलमध्ये सहसंबंध ऋण आहे, म्हणजे निर्देशांक पडताना व्होलॅटिलिटी स्थिर राहणार नाही हे मॉडेल स्वतःच सांगते. तो परिणाम मिसळला की उत्तर पुन्हा वर चढते आणि लोकल व्होलॅटिलिटीच्या आकड्याकडे सरकते. उरलेली जोखीम फ्युचर्सनी पुसलीच जात नाही. तिच्यासाठी दुसरे ऑप्शन घ्यावे लागतात.

दुसरे ठिकाण म्हणजे ज्यांची स्ट्राइक नंतर ठरते असे करार. समजा एक पुट आज विकला, पण त्याची स्ट्राइक नऊ महिन्यांनंतरच्या निर्देशांकाच्या ९० टक्के ठरणार आहे आणि त्यानंतर तो तीन महिने चालेल. त्याची किंमत आजच्या स्माइलवर अवलंबून नाही. नऊ महिन्यांनी तीन महिन्यांची स्माइल कशी दिसेल, त्यावर आहे. बाजारात लांब मुदतीच्या स्माइल कमी मुदतीच्यांपेक्षा सपाट असतात. त्यांतून काढलेला लोकल व्होलॅटिलिटीचा तक्ताही पुढच्या तारखांना सपाट होत जातो, आणि मॉडेल सांगते की नऊ महिन्यांनी स्माइल जवळजवळ मावळलेली असेल. बाजाराचा इतिहास तसा नाही. १९८७ नंतर निर्देशांकाच्या कमी मुदतीच्या ऑप्शनांत हा कल टिकून आहे. त्यामुळे लोकल व्होलॅटिलिटी असा पुट स्वस्तात विकून टाकते. स्टोकॅस्टिक व्होलॅटिलिटीत मात्र नऊ महिन्यांनंतरची स्माइल आजच्यासारखीच दिसते, आणि इथे तिचे म्हणणे अधिक विश्वासार्ह आहे. असे अनेक तुकडे एकापुढे एक जोडलेल्या करारांना क्लिके म्हणतात. युरोपातल्या बँकांनी भांडवल सुरक्षित ठेवणाऱ्या योजनांतून ते मोठ्या प्रमाणात विकले, तेव्हा हा फरक कागदावरचा राहिला नाही. सोसिएते जनराल बँकेतल्या लोरेंझो बेर्गोमी यांनी २००४ पासून लिहिलेली लेखमाला याच प्रश्नाभोवती आहे: स्माइल जुळली की नाही, यापेक्षा ती मॉडेलमध्ये कशी हलते ते आधी तपासा.

भाव एका पातळीला शिवला तर रद्द होणारे किंवा सुरू होणारे बॅरियर ऑप्शन या दोन टोकांच्या मध्ये पडतात. चलन बाजारात त्यांची मोठी उलाढाल असते, आणि तिथे दिसणारे भाव बऱ्याचदा एका मॉडेलच्या उत्तरापेक्षा जास्त आणि दुसऱ्याच्या उत्तरापेक्षा कमी असतात. त्यामुळे बँकांच्या डेस्कवर मिश्र मॉडेल रूढ झाले. त्यात व्होलॅटिलिटीचे दोन घटक गुणले जातात: एक हेस्टनसारखा स्वतः हलणारा, दुसरा निर्देशांकाच्या पातळीवर आणि तारखेवर अवलंबून असलेला. दुसरा घटक असा निवडतात, की गुणाकाराची सरासरी प्रत्येक जागी दुपीर यांच्या तक्त्याशी जुळावी. ग्योन्गी यांच्या प्रमेयामुळे साध्या कॉल-पुटांच्या किमती मग आपोआप बाजाराशी जुळतात. पहिल्या घटकाची चंचलता किती ठेवायची, हे बॅरियर ऑप्शनांचे बाजारातले भाव पाहून ठरते. ती शून्य केली की शुद्ध लोकल व्होलॅटिलिटी उरते. पूर्ण ठेवली की दुसरा घटक जवळजवळ सपाट होतो. दुसरा घटक काढण्यासाठी निर्देशांकाच्या प्रत्येक पातळीवर पहिल्याची सरासरी माहीत असावी लागते आणि ती सरासरी पुन्हा दुसऱ्यावर अवलंबून असते, हा पेच मोठा होता. जुलियाँ गियों आणि पिएर ऑन्री-लाबोर्देर यांनी हजारो काल्पनिक वाटा एकत्र पुढे नेत प्रत्येक पावलावर सरासरी मोजण्याची पद्धत २०१२ मध्ये दिली, आणि तो व्यवहारात सुटला.

ज्या कराराचे भाव बाजारात उघड दिसतच नाहीत, त्याच्यासाठी डेस्क किंमत दोन्ही मॉडेलांनी काढतो. दोन्ही मॉडेले आजच्या स्माइलशी आधी जुळवलेली असतात. डिजिटलसारख्या करारात दोन उत्तरे पैशापैशाने सारखी यायला हवीत, आणि ती तशी आली नाहीत तर कुठल्या तरी मॉडेलची जुळणी कच्ची आहे. क्लिकेसारख्या करारात ती वेगळी येतात, आणि त्या दोन उत्तरांमधले अंतर विक्री-किमतीत धरले जाते किंवा राखीव रक्कम म्हणून बाजूला काढले जाते.